पहिला सोमवार किती तारखेला?

महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आलं तो १ मे १९६० हा दिवस रविवार होता. देश स्वतंत्र झाला तो १५ ऑगस्ट १९४७ हा शुक्रवार. पूर्वी असे वार काढायचे तर जुनी पंचांगं किंवा शंभर वर्षांचं कॅलेंडर शोधावं लागे. आज एक्सेलच्या शीटमध्ये तारीख लिहिली की `WEEKDAY` नावाचं एक छोटंसं फंक्शन ते काम करून देतं.

पण नुसता वार कळून कचेरीतलं काम भागत नाही. कामाचा प्रश्न पुढचा असतो: या तारखेनंतरचा सोमवार कधी येतो? महाराष्ट्रात हा प्रश्न दर महिन्याला पडतो, कारण जिल्हाधिकारी कार्यालयातला लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. नागरिकांनी आपली गाऱ्हाणी थेट वरिष्ठ अधिकाऱ्यांपुढे मांडावीत, यासाठीचा हा दिवस. त्या सोमवारी सुट्टी आली तर तो पुढच्या कामाच्या दिवशी घेतात, आणि अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. वर्षभराचे असे बारा सोमवार आणि अर्जाच्या बारा मुदती कॅलेंडर समोर ठेवून मोजायच्या, की एकदाच फॉर्म्युला लिहून मोकळं व्हायचं? दुसरा मार्ग सोपा आहे. फक्त त्यात एक खाच आहे, आणि ती २०२६च्या जून महिन्यात नेमकी उघडी पडते.

तारीख म्हणजे एक आकडा

आपल्याला शीटमध्ये ‘१ जून २०२६’ दिसत असलं तरी एक्सेल आत फक्त एक आकडा साठवतं. १ जानेवारी १९०० या दिवसाला त्याने १ क्रमांक दिला आहे आणि तिथून पुढे रोज एक वाढवला आहे. त्या मोजणीत १ मे १९६० चा क्रमांक `22037`, तर १ जून २०२६ चा `46174`. चौकोनाचं फॉर्मॅट बदलून `General` केलं की तारखेच्या जागी हा आकडा दिसू लागतो. तारखेत ७ मिळवले की आठवडा पुढे जाता येतं, ते यामुळेच.

वार काढणंही मग साध्या भागाकाराचं काम उरतं. क्रमांकाला ७ ने भागायचं आणि बाकी पाहायची. बाकी १ उरली तर रविवार, २ उरली तर सोमवार, आणि काहीच उरली नाही तर शनिवार. `22037` ला ७ ने भागल्यावर १ उरतो, म्हणून १ मे १९६० रविवार. `46174` ला भागल्यावर २ उरतात, म्हणून १ जून २०२६ सोमवार. `WEEKDAY` हेच गणित आपल्यासाठी करतं आणि १ ते ७ मधला एक आकडा हातात देतं.

या मोजणीत सुरुवातीलाच एक चूक शिरली आहे. १९०० हे लीप वर्ष नव्हतं, तरी एक्सेल त्या वर्षात २९ फेब्रुवारी धरतं. एक्सेलच्या आधी लोटस १-२-३ हा प्रोग्राम चालायचा. त्यात ही चूक होती, आणि त्याच्या फायली जशाच्या तशा उघडता याव्यात म्हणून मायक्रोसॉफ्टने ती तशीच ठेवली. त्यामुळे १९०० च्या पहिल्या दोन महिन्यांचे वार एक्सेल एका दिवसाने चुकवतं. १ जानेवारी १९०० हा खरा सोमवार, पण एक्सेलच्या लेखी तो रविवार. १ मार्च १९०० पासून पुढे सगळे वार बरोबर येतात. त्याच्याही मागे, म्हणजे १८९९ मध्ये, एक्सेल जातच नाही. साने गुरुजींची जन्मतारीख २४ डिसेंबर १८९९. ती लिहिली तर एक्सेल तिला तारीख मानत नाही, साधा मजकूर समजतं.

आकड्यावरून वाराचं नाव

`WEEKDAY` ला दोन गोष्टी सांगता येतात: कुठली तारीख, आणि मोजणी कोणत्या वारापासून. दुसरी गोष्ट सांगितली नाही तर ते रविवारला १ आणि शनिवारला ७ मानतं. दुसऱ्या जागी 2 लिहिलं तर सोमवार १ होतो आणि रविवार ७. 3 लिहिलं तर सोमवार ० आणि रविवार ६. एक्सेलच्या २०१० च्या आवृत्तीपासून 11 ते 17 हे आकडेही चालतात आणि त्यांनी आठवडा हव्या त्या वारापासून सुरू करता येतो. मात्र 1, 2 आणि 3 हे जुन्या-नव्या सगळ्या आवृत्त्यांत चालतात. आपलं काम सोमवारशी आहे, म्हणून या लेखात सगळीकडे 2 वापरला आहे. एकाच फाइलमध्ये कुठे 1 आणि कुठे 2 असं झालं की सगळे वार एकेका घराने सरकतात, आणि तसं झाल्याची कुठलीही सूचना एक्सेल देत नाही.

आता नाव. तारीख `A2` मध्ये आहे असं धरू. मराठीत वार हवा असेल तर सर्वांत खात्रीचा फॉर्म्युला हा:

```
=CHOOSE(WEEKDAY(A2,2),"सोमवार","मंगळवार","बुधवार","गुरुवार","शुक्रवार","शनिवार","रविवार")
```

`CHOOSE` ला आकडा दिला की ते यादीतलं त्या क्रमांकाचं नाव उचलतं. यादी सोमवारपासून सुरू होते, कारण आपण 2 दिला आहे. तो काढून टाकला तर यादीही रविवारपासून लिहावी लागेल.

नाव इंग्रजीत चालत असेल तर याहून लहान वाट आहे. तिथे `WEEKDAY` लागतच नाही:

```
=TEXT(A2,"dddd")
```

`dddd` म्हणजे पूर्ण नाव, `ddd` म्हणजे `Mon`, `Tue` असं लहान रूप. विंडोजवर `"[$-44E]dddd"` असं लिहिलं तर हेच फंक्शन मराठी नावं देतं, कारण `44E` हा विंडोजमधला मराठीचा सांकेतिक क्रमांक. पण फाइल कुणाच्या मोबाइलवर किंवा दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडली जाईल याचा भरवसा नसेल तर `CHOOSE` बरं. त्यातली नावं आपणच लिहिलेली असतात, ती कुठेही बदलत नाहीत.

अनेक जण या दोन्ही गोष्टींची मोट बांधून `=TEXT(WEEKDAY(A2),"dddd")` असं लिहितात. गंमत म्हणजे उत्तर बरोबर येतं. पण ते योगायोगाने येतं. सोमवारच्या तारखेला `WEEKDAY` २ हा आकडा देतं. `TEXT` त्या २ ला तारीख समजतं, म्हणजे २ जानेवारी १९००. आणि वर सांगितलेल्या चुकीमुळे एक्सेलला तो दिवस सोमवार वाटतो, खरं तर तो मंगळवार होता. एक चूक दुसरीला सांभाळून घेते आणि नाव जुळतं. पुढे कुणी तिथे `WEEKDAY(A2,2)` केलं की सोमवारसाठी १ येतो, १ जानेवारी १९०० एक्सेलला रविवार वाटतो, आणि सगळी शीट एक दिवस मागे पडते. म्हणून `TEXT` ला नेहमी मूळ तारीख द्यावी, `WEEKDAY` चा आकडा देऊ नये.

पुढचा सोमवार: आठातून वजाबाकी

सोमवारला १ म्हटलं तर त्यापुढचा सोमवार आठवा दिवस होतो. आज वाराचा आकडा जो असेल तो आठातून वजा केला की सोमवार किती दिवस दूर आहे ते कळतं. मंगळवार म्हणजे २, म्हणून सहा दिवस. शुक्रवार म्हणजे ५, म्हणून तीन दिवस. रविवार म्हणजे ७, म्हणून एक दिवस. तेवढे दिवस तारखेत मिळवले की झालं:

```
=A2+8-WEEKDAY(A2,2)
```

`A2` मध्ये शुक्रवार १ मे २०२६ असेल तर आठातून पाच गेले, तीन उरले, उत्तर ४ मे २०२६. तो सोमवारच आहे. चौकोनात तारखेऐवजी `46146` दिसलं तर घाबरायचं कारण नाही. तो ४ मेचाच क्रमांक आहे. चौकोनाला तारखेचं फॉर्मॅट दिलं की तारीख दिसते.

खाच आहे ती इथे. मूळ तारीख स्वतःच सोमवार असली तर आठातून एक जाऊन सात उरतात आणि फॉर्म्युला पुढच्या आठवड्यातला सोमवार दाखवतो. काही कामांत हेच हवं असतं. सोमवारी आलेला अर्ज पुढच्या सोमवारच्या बैठकीत घ्यायचा असेल तर वरचा फॉर्म्युला अचूक आहे. पण ‘त्या दिवशी किंवा त्यानंतर जो पहिला सोमवार येईल तो’ असं हवं असेल तर सोमवारला पुढे ढकलून चालणार नाही.

दुसऱ्या गरजेचा फॉर्म्युला पाठ करण्याची गरज नाही, तो पहिल्यातूनच निघतो. ‘आज किंवा आजनंतरचा सोमवार’ म्हणजेच ‘कालनंतरचा सोमवार’. म्हणून वरच्या फॉर्म्युल्यात `A2` च्या जागी `A2-1` घालायचं. `A2-1+8` म्हणजे `A2+7`, तेव्हा तो असा होतो:

```
=A2+7-WEEKDAY(A2-1,2)
```

सोमवारी काल रविवार होता, त्याचा आकडा ७. सातातून सात गेले, शून्य. तारीख जागची हलली नाही. मंगळवारी काल सोमवार होता, त्याचा आकडा १; सहा दिवस पुढे. बाकी सगळ्या वारांना दोन्ही फॉर्म्युले सारखंच उत्तर देतात. फरक पडतो तो केवळ सोमवारी, आणि म्हणूनच तो लवकर लक्षात येत नाही. चार-पाच तारखांवर तपासून पाहिलं आणि त्यांत सोमवार नसला, तर चुकीचा फॉर्म्युलाही बरोबर वाटतो.

वर्षभराचे लोकशाही दिन

आता २०२६चं वेळापत्रक करू. `A2` मध्ये १ जानेवारी २०२६ लिहा. `A3` मध्ये `=EDATE(A2,1)` लिहून तो अकरा ओळींत खाली ओढा. बारा महिन्यांच्या पहिल्या तारखा तयार होतात. शेजारी `B2` मध्ये ‘कालनंतरचा सोमवार’ हा दुसरा फॉर्म्युला लिहून तोही खाली ओढा. उत्तरं अशी येतात: ५ जानेवारी, २ फेब्रुवारी, २ मार्च, ६ एप्रिल, ४ मे, १ जून, ६ जुलै, ३ ऑगस्ट, ७ सप्टेंबर, ५ ऑक्टोबर, २ नोव्हेंबर, ७ डिसेंबर.

इथे पहिला फॉर्म्युला लिहिला असता तर अकरा तारखा बरोबर आल्या असत्या आणि जूनसाठी १ ऐवजी ८ जून दिसला असता. २०२६ मध्ये सोमवारने सुरू होणारा महिना हा एकच आहे. २०२७ मध्ये असे तीन महिने आहेत: फेब्रुवारी, मार्च आणि नोव्हेंबर. म्हणजे २०२६ मध्ये एका महिन्यापुरती दबून राहिलेली चूक पुढच्या वर्षी तीनदा डोकं वर काढेल.

आता सुट्टीचा प्रश्न. १ मे २०२३ आणि २ ऑक्टोबर २०२३ हे दोन्ही आपापल्या महिन्यांचे पहिले सोमवार होते. एक महाराष्ट्र दिन, दुसरा गांधी जयंती. नियमाप्रमाणे अशा वेळी पुढचा कामाचा दिवस धरायचा. `WEEKDAY` ला सुट्ट्या कळत नाहीत, त्याला फक्त वार कळतो. त्यासाठी सरकारी सुट्ट्यांच्या तारखा एका रकान्यात, समजा `H2` ते `H30` मध्ये, लिहून ठेवायच्या आणि `C2` मध्ये हा फॉर्म्युला द्यायचा:

```
=WORKDAY(B2-1,1,$H$2:$H$30)
```

`B2` सोमवार आहे, म्हणून `B2-1` रविवार. त्या रविवारपासून पुढचा पहिला कामाचा दिवस `WORKDAY` शोधतं. सोमवार मोकळा असेल तर सोमवारच येतो, सुट्टीचा असेल तर मंगळवार. शनिवार आणि रविवार ते आपोआप वगळतं. राज्य सरकारच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला, त्यामुळे ते इथे नेमकं जुळतं. सुट्ट्यांची यादी मात्र दर वर्षी नव्याने भरावी लागते. ती जुनी राहिली तर फॉर्म्युला कुठलीही तक्रार न करता चुकीची तारीख देतो.

राहिली अर्जाची मुदत. पंधरा दिवस आधी म्हणजे `=B2-15`. जूनच्या लोकशाही दिनासाठी उत्तर येतं १७ मे २०२६, आणि त्याचा वार काढला तर रविवार. हे फक्त जूनपुरतं नाही. सोमवारच्या चौदा दिवस आधी सोमवारच असतो, पंधरा दिवस आधी रविवार. बाराही महिन्यांत असंच येणार. रविवारी कार्यालय बंद, शनिवारीही बंद. म्हणजे अर्ज हाताने द्यायचा असेल तर खरी शेवटची संधी त्याआधीच्या शुक्रवारी, सोमवारच्या सतरा दिवस आधी. जूनसाठी ती तारीख १५ मे. वेळापत्रकात `=B2-17` चा वेगळा रकाना केला आणि त्यावर ‘अर्जाचा शेवटचा कामाचा दिवस’ असं लिहिलं, तर अर्जदाराची रविवारची फेरी वाचते. तो शुक्रवारही सुट्टीचा निघाला तर आणखी एक दिवस मागे यावं लागेल.

तारीख दिसते, पण ती तारीख नसते

फॉर्म्युला बरोबर असूनही उत्तर चुकलं तर बहुतेक वेळा दोष मूळ तारखेत असतो. मराठी कचेऱ्यांत तारीख टिंबं देऊन लिहायची सवय आहे: ०४.०५.२०२६. कागदावर ती योग्यच आहे, पण भारतीय सेटिंगवर एक्सेल सहसा तिला तारीख मानत नाही. मग `WEEKDAY` च्या जागी `#VALUE!` दिसतं. ही चूक निदान डोळ्यांना दिसते तरी.

न दिसणारी चूक जास्त घात करते. संगणकाची सेटिंग अमेरिकी असेल तर तो आधी महिना आणि मग दिवस वाचतो. आपण ४ मे म्हणून `04/05/2026` लिहिलं की त्याची ५ एप्रिल होते. ४ मे सोमवार, ५ एप्रिल रविवार. फॉर्म्युला निमूटपणे ६ एप्रिल हा ‘पुढचा सोमवार’ दाखवतो. तो सोमवार आहेच, फक्त आपल्याला हवा असलेला नाही. त्याच रकान्यात `13/05/2026` लिहिलं तर तेरावा महिना नसल्यामुळे ते मजकूर म्हणून पडून राहतं. म्हणून एकाच रकान्यात काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे सरकलेल्या दिसल्या की लगेच सावध व्हावं. एक्सेल आकडे आपोआप उजवीकडे लावतं आणि मजकूर डावीकडे. खात्री करून घ्यायला बाजूच्या रकान्यात `=ISNUMBER(A2)` लिहावं. `FALSE` आलं तर ती तारीख नाही. `TRUE` आलं तरी रकान्याला `dd-mmm-yyyy` असं फॉर्मॅट देऊन पाहावं. महिना अक्षरांत दिसला की मे आणि एप्रिलची अदलाबदल लपत नाही.

मजकूर म्हणून पडलेल्या तारखा दुरुस्त करायला रकाना निवडून `Data` मधलं `Text to Columns` उघडावं आणि शेवटच्या पायरीवर `Date` समोर `DMY` निवडावं. ज्या तारखा आधीच उलट्या वाचल्या गेल्या आहेत त्या मात्र याने सुधारत नाहीत. आधी संगणकाची तारखेची सेटिंग बदलून त्या पुन्हा भराव्या लागतात.

शेवटचा फसवा प्रकार रिकाम्या चौकोनाचा. रिकाम्या चौकोनाला एक्सेल शून्य समजतं आणि शून्याचा वार त्याच्या हिशेबात शनिवार येतो. फॉर्म्युला यादीच्या खालपर्यंत ओढला असेल तर जिथे तारीखच नाही तिथेही ‘शनिवार’ लिहिलेला दिसतो. शनिवारी किती अर्ज आले हे कुणी त्यावरून मोजलं तर तो आकडा फुगलेला असेल. त्यावर उपाय म्हणजे आधी चौकोन रिकामा आहे का ते विचारणं: `=IF(A2="","",…)`, आणि टिंबांच्या जागी आपला फॉर्म्युला.

कुठलाही वाराचा फॉर्म्युला कामाला लावण्याआधी एक चाचणी करा. सोमवारपासून रविवारपर्यंतच्या लागोपाठ सात तारखा, समजा १ ते ७ जून २०२६, एकाखाली एक लिहा आणि फॉर्म्युला त्यांच्यासमोर चालवा. ‘त्यानंतरचा सोमवार’ हवा असेल तर सातही ओळींत ८ जून यायला हवा. ‘त्या दिवशी किंवा नंतर’ हवा असेल तर पहिल्या ओळीत १ जून आणि बाकी सहांत ८ जून. या सात ओळी जुळल्या आणि मूळ तारखा खऱ्या असल्या, तर पुढच्या कुठल्याही वर्षासाठी हा फॉर्म्युला पुन्हा तपासावा लागणार नाही. दर वर्षी बदलायची असेल ती फक्त सुट्ट्यांची यादी.